शुक्रवारी सुरू न झालेलं स्लीप ट्रेनिंग

फेब्रुवारीच्या मध्यावर, एका बुधवारी संध्याकाळी, वाकडहून एक जोडपं साडेसात महिन्यांच्या मुलीला घेऊन आलं. तिला इथे चिऊ म्हणू. घरात तिला तेच म्हणायचे, खरं नाव वेगळं आहे. बाळ आजारी नव्हतं. त्यांना माझ्याकडून फक्त होकार हवा होता. वडिलांनी मोबाइलवर एक तक्ता उघडून माझ्यासमोर धरला. शुक्रवारी रात्री साडेआठला बाळाला जागं असताना पाळण्यात ठेवायचं, रडलं तर आधी तीन मिनिटांनी, मग पाच, मग दहा मिनिटांनी आत जायचं, थोपटायचं, उचलायचं नाही. रात्रीचं पाजणं त्याच दिवसापासून बंद. शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे पहिल्या तीन वाईट रात्री निभावून नेता येतील. एका ऑनलाइन सल्लागाराकडून त्यांनी स्लीप ट्रेनिंगचा, म्हणजे बाळाला आपलं आपण झोपायला शिकवण्याचा, हा आराखडा विकत घेतला होता आणि शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: सुरू करण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. म्हणून ते आले होते.

आराखड्यात तसं चूक काही नव्हतं. बॉस्टनच्या डॉ. रिचर्ड फर्बर यांच्या नावानं ओळखली जाणारी ही पद्धत आहे आणि सहा महिन्यांपुढच्या, नीट वाढणाऱ्या बाळासाठी मी स्वतः ती अनेकांना सांगितली आहे. अशी बाळं दिवसा पोटभर खातात-पितात आणि रात्री सवयीनं उठतात. झोप लागताना तोंडात स्तन होता, तर मध्यरात्री झोप चाळवली की पुन्हा तोच हवा असतो. ती सवय सोडवता येते. चिऊची गोष्टही तशीच वाटत होती: रात्री पाच-सहा वेळा उठते, पाजलं की दहा मिनिटांत झोपते, पाजलं नाही तर आकांत. आईच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती सकाळी नऊला ऑफिसच्या बसमध्ये बसायची आणि हिंजवडी येईपर्यंत झोपायची, असं तिनंच सांगितलं.

मी जवळजवळ हो म्हणाले होते. वजन केलं ते सवयीनं.

आमची सिस्टर कपड्यांसकट बाळाला काट्यावर ठेवत होती. "डायपरही काढा," असं मी म्हटलं, तेही खास काही मनात ठेवून नाही. जानेवारीतल्या नोंदीत वजनापुढे कपड्यांबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, ते डोळ्यांत खुपलं म्हणून. काटा ६.६२ किलोवर थांबला. फाइलमध्ये सहाव्या महिन्याला फ्लूच्या लशीच्या वेळी ६.९ लिहिलं होतं. दीड महिन्यात बाळाचं वजन पावणेतीनशे ग्रॅमनं कमी झालं, म्हणून आईचा चेहरा उतरला. खरं तर कमी झालं नसावं. जानेवारीतल्या थंडीत ती लोकरीचा स्वेटर, टोपडं, मोजे आणि ओल्या डायपरसकट काट्यावर बसली होती. ते सगळं मिळून तीन-चारशे ग्रॅम सहज भरतं. म्हणजे तेव्हाही ती साधारण साडेसहाचीच होती आणि आम्ही ६.९ लिहून, शेजारी 'ठीक' असं खरडून तिला घरी पाठवलं होतं. ही चूक आमच्या दवाखान्याची, आणि त्या 'ठीक'खाली सही माझी आहे.

जुन्या नोंदी ओळीनं लावल्यावर चित्र स्पष्ट झालं. जन्माच्या वेळी २.९ किलो. चौदाव्या आठवड्याच्या लशीला ५.८. पाच महिन्यांची असताना अंगावर पुरळ आलं म्हणून आणली होती, तेव्हा कपडे काढूनच तपासली होती: ६.६. त्या वयाच्या मुलींचं जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातलं मधलं वजन ६.९ आहे, म्हणजे ती मधल्या रेषेच्या जरा खालून, तिला समांतर चालली होती. आणि आता, अडीच महिन्यांनंतर, ६.६२. या काळात तिच्यासारखी मुलगी आठशे ग्रॅमच्या आसपास वाढायला हवी होती. ती वीस ग्रॅम वाढली होती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वडिलांनी लगेच ती काढलीच. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात साडेसात महिन्यांची ६.६२ किलोची मुलगी हिरव्या पट्ट्यात येते. पिवळा पट्टा सव्वासहाच्या जवळपास सुरू होतो. "मॅडम, अजून ग्रीनमध्येच आहे ना?" हो, आहे. पण रंग एवढंच सांगतो की बाळ आज कुठे आहे. ते कुठे चाललंय हे रेषा सांगते, आणि चिऊची रेषा डिसेंबरपासून आडवी झाली होती. जी बाळं पहिल्यापासून खालच्या रेषेवर असतात पण तिला धरून वाढतात, त्यांची मला फारशी चिंता वाटत नाही. वरून खाली उतरणारं बाळ हिरव्यात असलं तरी थांबून बघावं लागतं. तिची लांबी आणि डोक्याचा घेर मात्र आपापल्या रेषेवर होते. उपासमारीत आधी वजन थांबतं, मग लांबी, आणि डोकं सगळ्यात शेवटी. म्हणजे आपण वेळेत होतो.

मग प्रश्न उरला की डिसेंबरमध्ये काय झालं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई कामावर रुजू झाली होती. सव्वीस आठवड्यांच्या रजेतले तीन आठवडे बाळंतपणाआधीच गेले होते, त्यामुळे बाळ पाच महिन्यांचं होताच रजा संपली. आईचं काढलेलं दूध आजी वाटी-चमच्यानं पाजायची. जानेवारीच्या मध्यात साताऱ्याकडे गावी आजोबा अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि आजी तातडीनं गेली. चिऊ पाळणाघरात जाऊ लागली. एक फेब्रुवारीला भाड्याचं घर बदललं, कारण जुन्या घरापासून पाळणाघर लांब पडत होतं. पाळणाघरात बाटली होती आणि बाटली चिऊला मान्य नव्हती. ताई सांगायच्या, "पीत नाही हो, चावत बसते." दिवसभरात दोन बाटल्या भरून द्यायचे, त्यातलं बरंचसं परत यायचं.

दिवसभर न पिणारं बाळ रात्री वसुली करतं. आई नऊ-दहा तास दूर असते, आणि संध्याकाळी परत आली की बाळ आपला दिवस तिथून सुरू करतं. स्तनपानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हे रोजचं दृश्य आहे. बाळ दिवसा भरपूर झोपतं, जेमतेम पितं आणि रात्री दर दीड-दोन तासांनी उठून गटागटा पितं. इथे आईनं सांगितलेली एक खूण माझ्या उपयोगी पडली. मी विचारलं, रात्री पिताना गिळण्याचा आवाज येतो का, की नुसती चघळत असते? ती म्हणाली, "आवाज येतो. दोन्ही बाजू रिकाम्या करते." सवयीनं उठलेलं बाळ चार-दोन घोट घेऊन झोपतं. हे बाळ जेवत होतं. दुसरी खूण पाळणाघराकडून आली: सकाळी घातलेला डायपर दुपारी तीनपर्यंत जवळजवळ कोरडा असायचा.

तरी अंदाजावर निर्णय नको म्हणून त्यांना एक काम दिलं. शुक्रवारी आई घरून काम करायची, म्हणून मोजमाप त्या दिवशी नको. गुरुवारी, म्हणजे नेहमीच्या पाळणाघराच्या दिवशी, पूर्ण चोवीस तास मोजायचे. आमच्याकडे स्तनपान तपासायचा एक नाजूक काटा आहे, दोन ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवतो. तो घरी दिला. पाजण्याआधी बाळाचं वजन, पाजल्यावर पुन्हा वजन, दोन्ही वेळी अंगावर तेच कपडे आणि तोच डायपर, मधे बदलायचा नाही. जेवढे ग्रॅम वाढले तेवढे मिलिलिटर दूध पोटात गेलं असं धरायचं. हे रोज करू नये, आईला वेड लागतं आणि दूध आटल्याची भीती बसते. एक दिवस पुरतो.

आकडे असे आले. सकाळी सातला ८०. पाळणाघरात दोन बाटल्यांतून मिळून ११०. संध्याकाळी घरी आल्यावर ७०. आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात पाच वेळा मिळून ४००. चोवीस तासांचं एकूण दूध ६६० मिलिलिटर, त्यातलं साठ टक्के त्या आठ तासांतलं, ज्या आठ तासांत आराखडा दूध बंद करायला सांगत होता.

वरच्या खाण्याचा हिशेब सोपा होता, कारण ते जवळजवळ नव्हतंच. डब्यात अर्धी वाटी वरणाचं पाणी, तीन-चार चमचे सफरचंदाचा गर आणि नाचणीची पेज असायची, पेजही बाटलीच्या बोंडातून उतरेल इतकी पातळ. वरणाच्या पाण्यात चव असते, मीठ असतं, अन्न फारसं नसतं. डाळ खाली भांड्यात राहते आणि ती घरातली मोठी माणसं खातात. या सगळ्याच्या मी पन्नास कॅलरी धरल्या आणि त्याही उदार हातानं.

आईच्या दुधात शंभर मिलिलिटरला साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. म्हणजे चिऊला दिवसाला दुधातून ४४० आणि बाकी ५०, एकूण ४९० च्या आसपास मिळत होत्या. तिच्या वजनाला किलोमागे ८० च्या हिशेबानं ५३० तरी हव्यात आणि मागे पडलेलं भरून काढायचं तर आणखी वर. ही तूट मोठी दिसत नाही. रोजची थोडीथोडी तूट अडीच महिने चालली की रेषा आडवी होते. आता त्यातून रात्रीचे ४०० मिलिलिटर काढून टाका. उरतात २२५ कॅलरी. निम्म्याहूनही कमी.

हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा वडिलांनी एक रास्त प्रश्न विचारला. रात्रीचं बंद केलं तर बाळ दिवसा आपोआप जास्त पिणार नाही का? आराखड्यात तसं लिहिलं होतं. चांगल्या वाढलेल्या बाळाच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरंही असतं. दोन-तीन दिवस कुरकुर होते आणि पोट आपली वेळ बदलून घेतं. पण त्यासाठी दिवसा पिण्याचा रस्ता मोकळा लागतो. चिऊचा दिवसाचा रस्ता म्हणजे तिला नको असलेली बाटली आणि पाण्यासारखी पेज. शिवाय तीन-चार दिवस कमी खाऊन निभावायला अंगावर जी शिल्लक लागते, ती तिच्याकडे नव्हती.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकत होती. स्लीप ट्रेनिंगनं बाळाला रात्री जाग यायची थांबत नाही. जाग येतेच, आपल्यालाही येते; बाळ हाक मारायचं कमी करतं. सवयीनं मारलेली हाक बंद झाली तर सगळ्यांचं भलं होतं. भुकेनं मारलेली हाक बंद झाली तर घरात सगळीकडे शांतता, तक्त्यावर हिरवा रंग, बाळ 'शहाणं झालं' म्हणून कौतुक, आणि आम्हाला पुढचं वजन कळणार थेट नवव्या महिन्याच्या लशीला.

आजीला हे कुठल्याही काट्याशिवाय कळलं होतं. ती गावाहून रोज व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "अगं, लेकरू उपाशी हाय, झोपंल कसं?" आई-वडिलांनी ते कानाआड केलं होतं, आणि त्यांना दोष देता येत नाही. दोन महिन्यांच्या गुबगुबीत बाळालाही आज्या हेच वाक्य लावतात आणि त्यापायी कितीतरी घरांत उगाच वरचं दूध सुरू होतं. या वेळी ती बरोबर होती.

त्या शुक्रवारी स्लीप ट्रेनिंग सुरू झालं नाही. रक्त आणि लघवी तपासली, कारण या वयात लघवीतला जंतुसंसर्ग ताप न येताही वजन अडवून ठेवतो. लघवी स्वच्छ निघाली. हिमोग्लोबिन ९.४ होतं, म्हणजे कमी. लोहाचे थेंब वजनाच्या हिशेबानं सुरू केले. लोह कमी असलेली मुलं चिडचिडी असतात, भूक मंदावते आणि झोपही अस्वस्थ होते, म्हणजे तिथेही थोडं पाणी मुरत होतं.

पण मुख्य काम ताटातलं होतं. रात्रीच्या पाजण्याला हात लावायचा नाही हे पहिलं ठरलं. पाळणाघरातली बाटली बंद केली. आजीच्या वेळेला वाटी-चमच्यानं पिणारं बाळ बाटलीत अडकत असेल तर वाटी-चमचा परत आणायचा. आपल्याकडे बोंडलं होतंच की पूर्वी. ताई आधी नाखूश होत्या, दहा मुलांत एकीला चमच्यानं कोण पाजणार. मग आईनं दोन दिवस दुपारी तासाची रजा काढून तिथे बसून पाजून दाखवलं. छोट्या स्टीलच्या पेल्यानं तर आणखी सोपं गेलं. सात-आठ महिन्यांचं बाळ धरून दिलेल्या पेल्यातून चांगलं पितं, सांडतं तेवढं सांडू द्यावं.

डबा बदलला. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, पण चमचा उलटा केला तर लगेच पडणार नाही इतकी घट्ट, वर एक चमचा साजूक तूप. एका चहाच्या चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात, म्हणजे आधीच्या अख्ख्या डब्याइतक्या. नाचणी सत्त्व आईच्या दुधात शिजवून घट्ट केलेलं. उकडलेल्या अंड्याचा बलक एक दिवसाआड. वाटी अर्धीच, पण दिवसातून तीनदा. पोटाची पिशवी लहान आहे, त्यात पाणी भरलं तर अन्नाला जागा राहत नाही, हे एकदा पटलं की वरणाचं पाणी आपोआप जातं. सकाळी निघण्याआधी एकाऐवजी दोनदा पाजायचं, उठल्यावर आणि दारातून बाहेर पडताना. संध्याकाळी पाळणाघरातून घेतल्यावर तिथेच पाजायचं, घरी पोहोचण्याची वाट बघायची नाही.

आईचं काय, हा प्रश्न मी बाजूला ठेवला नाही, कारण तीच तर मुळात झोपेसाठी आली होती. तिला मन:स्थितीची दहा प्रश्नांची चाचणी भरायला दिली. गुण काळजीच्या सीमेवर होते, त्या पलीकडे नव्हते. मेलबर्नमध्ये एक मोठा अभ्यास झाला आहे, सात-आठ महिन्यांच्या बाळांच्या झोपेवर. त्याचा पाच वर्षांनंतरचा पाठपुरावा २०१२ मध्ये आला. त्यात झोपेची पद्धत शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मुलांत सहाव्या वर्षी फरक दिसला नाही, ना तोटा ना फायदा. लोक त्यातला 'तोटा नाही' एवढाच भाग सांगतात. मी तिला दुसरा भाग सांगितला: दोन-तीन महिने उशीर झाल्यानं चिऊचं पुढचं काही बुडत नाही. पद्धतीचा फायदा त्या काळापुरता आणि मुख्यतः आईच्या झोपेचा आहे, आणि तुमची झोप दुसऱ्या वाटेनं थोडी वाढवता येईल. आई साडेआठलाच बाळासोबत झोपू लागली. बाळ उठलं की वडील तिला उचलून आणायचे, पाजून झालं की ढेकर काढून परत ठेवायचे. आई कूस बदलून झोपायची. शनिवारी सकाळी पाजल्यावर वडील बाळाला घेऊन दोन तास घराबाहेर. सोफ्यावर बसून पाजायचं नाही, एवढं मात्र निक्षून सांगितलं, कारण दमलेली आई तिथेच झोपते आणि बाळ गादी आणि पाठीच्या फटीत सरकतं.

पंधरा दिवसांनी वजन ६.७८. त्याच काट्यावर, उघडं. दिवसाला अकरा ग्रॅमच्या जवळपास. या वयाला साजेसं, अजून भरपाई नाही. या वयात पंधरा दिवसांपेक्षा लवकर वजन करू नये. शी-शू आणि दुधाच्या फरकानंच शे-दीडशे ग्रॅम इकडेतिकडे होतात आणि घरात रोज नवी चिंता उभी राहते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सर्दी झाली, आणि तिसऱ्या दिवशी रात्री आईचा मेसेज आला की सगळं परत पहिल्यासारखं झालंय, पाळण्यात ठेवलं की वीस मिनिटांत किंचाळून उठते. हे पहिल्यासारखं नव्हतं. आधी ती दीड-दोन तासांनी उठून प्यायची आणि झोपायची. आता आडवं केलं की रडत होती, खांद्यावर उभं धरलं की शांत होत होती, आणि प्यायला सुरुवात करून चार घोटांत तोंड काढून रडत होती. कान दुखताना असंच होतं. आडवं झालं की दाब वाढतो, चोखलं की कानात कळ जाते. कान ओढणं ही खूण मात्र फसवी आहे, दात येणारी आणि कंटाळलेली बाळंही कान ओढतात. दुसऱ्या दिवशी तपासलं तर उजवा पडदा लाल आणि फुगलेला. प्रतिजैविक सुरू केलं.

दुखण्यावरच्या पॅरासिटामॉलबद्दल एक गोष्ट ओघात सांगते, कारण त्यांच्या घरात हा घोटाळा होता होता वाचला. आपल्याकडे ते तीन जोरांत सर्रास मिळतं: थेंबांत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, एका सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२०, दुसऱ्यात पाच मिलिलिटरला २५०. पावणेसात किलोच्या बाळाला एका वेळी १०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे थेंबांचा एक मिलिलिटर किंवा पहिल्या सिरपचे चार. घरात थेंबांची बाटली होती आणि वडिलांच्या डोक्यात भाच्याला दिलेल्या सिरपचे 'चार एमएल' होते. फोनवर मी बाटलीवरचं लेबल वाचायला लावलं म्हणून बरं.

आजारात वजन ६.७० वर आलं. इथे आईनं विचारलं, ताप गेला की सुरू करायचं का, आता तर सवय आणखीच बिघडली. मी नाही म्हटलं. ताप उतरणं आणि आजार संपणं यात आठवडा-दोन आठवड्यांचं अंतर असतं. पडद्यामागचं पाणी कित्येकदा काही आठवडे राहतं, खोकला रात्री जागवतो आणि आजारातून उठलेलं बाळ गमावलेलं भरून काढायला जास्त पितं. माझी मोजपट्टी साधी आहे: औषध संपलंय, आजाराआधीइतकं खातेय, आणि काट्यावर आजाराआधीचा आकडा परत आलाय. तिन्ही झालं की मग आठवडाभर थांबून बोलू. कानाचं दुखणं नसतं आणि नाक वाहण्याची साधी सर्दी असती तर इतकं थांबवलं नसतं. वर्षभरात लहान मुलाला सात-आठ सर्द्या होतात, प्रत्येकीला थांबलं तर मूल शाळेत जाईल.

भरपाई त्यानंतर झाली. एप्रिलच्या मध्यावर ७.२, एप्रिलअखेर, दहा महिन्यांची होताना, ७.५. दीड महिन्यात आठशे ग्रॅम. रेषा वर वळली होती आणि आधीच्या जागेकडे निघाली होती. आणि मधल्या काळात, कोणी काही न शिकवता, रात्रीचं उठणं पाच-सहावरून तीनवर आलं होतं. त्या तीनपैकी एकदाच ती गटागटा प्यायची. उरलेल्या दोनदा चार घोट घेऊन झोपायची. आईनं हे स्वतःहून सांगितलं, "आता आवाज येत नाही गिळण्याचा." म्हणजे आता जे उरलं होतं ते सवयीचं होतं, आणि सवय सोडवायला माझी हरकत नव्हती.

तरी आणखी तीन आठवडे गेले, ते घरातल्या उलथापालथीमुळे. आजोबा काठी घेऊन चालायला लागले होते आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दोघं कायमचे पुण्याला येणार होते. चिऊची खोली बदलणार, पाळणाघर अर्ध्या दिवसावर येणार, आजी तीन महिन्यांनी परत दिसणार. वडिलांचा हिशेब असा की आजी यायच्या आत उरकून टाकू, नाहीतर ती रडू देणार नाही. मला तो पटला नाही. आठ-दहा महिन्यांत मुलाला आई खोलीबाहेर गेली म्हणजे ती दुसरीकडे कुठेतरी आहे हे कळायला लागतं, पण परत येईल याची खात्री नसते. चिऊ त्या दिवसांत पाळणाघराच्या दारात आईचा कुर्ता सोडत नव्हती. अशा वेळी खोली, माणसं आणि रात्रीची रीत एकदमच बदलली तर बाळ रडतं ते नेमकं कशासाठी, हे आपल्याला सांगता येत नाही, आणि जे चाललंय ते शिकणं आहे की नुसती भीती, याचाही पत्ता लागत नाही. नव्या मांडणीत दोन आठवडे जाऊ द्या, म्हटलं. दिवसा खेळते का, पाळणाघरात जेवते का, सोडताना रडली तरी पाच मिनिटांत गप्प होते का, हे बघा. रात्रीचं काही बदलायचं तर दिवस आधी स्थिर दिसला पाहिजे.

आजीला मात्र आधीच विश्वासात घेतलं, आणि वजनाचा कागद दाखवून. ज्या बाईनं पहिल्यांदा 'उपाशी आहे' ओळखलं, तिलाच 'आता पोट भरलंय' हे पटवायचं होतं. तिनं अट घातली: पहाटेचं एक पाजणं ठेवा. मीही तेच सांगणार होते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात झाली, आणि ती मूळ आराखड्यापेक्षा बरीच मवाळ होती. झोपायच्या आधीचं पाजणं अर्धा तास अलीकडे, दिवा चालू असताना, दिवाणखान्यात. मग आंघोळ नाही, नुसतं पुसणं, कपडे, आणि पाळण्यात ठेवायचं वडिलांनी, कारण आईच्या अंगाला दुधाचा वास येतो. रडली तर वडील शेजारी बसून थोपटणार. मध्यरात्रीच्या दोन वेळा वडीलच जाणार, पहाटे तीननंतरची हाक आईची. पहिल्या रात्री चाळीस मिनिटं रडली; आजी गॅलरीत जाऊन बसली होती. दुसऱ्या रात्री पंचवीस. पाचव्या रात्री नऊला झोपून साडेतीनला उठली, प्यायली आणि साडेसहापर्यंत झोपली. पंधरा दिवसांनी वजन केलं, कारण या बाळाबाबत मला आकडा पाहिल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. ७.७४. वाढ चालूच होती, दुधाची एक-दोन पाजणी कमी होऊनही.

जूनमध्ये सगळे आठवडाभर साताऱ्याकडे गेले, शेतावरचं घर, एका खोलीत सात माणसं, गादीवर आईच्या कुशीत चिऊ. परत आल्यावर पुन्हा तीनदा उठायला लागली. वडिलांनी फोनवर विचारलं, परत पहिल्यापासून करायचं का. मी विचारलं, पिताना आवाज येतो? ते म्हणाले, थांबा, तिला विचारतो.